ताण म्हणजे लांबी की जोर? उडीच्या उदाहरणांवरून स्ट्रेच-शॉर्टनिंग सायकल शिकवतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या एका शारीरिक शिक्षण महाविद्यालयात मी बायोमेकॅनिक्स शिकवतो. हे प्रकरण शेवटच्या वर्षाच्या २२ मुलांच्या वर्गातलं आहे. कुणी ओळखू येऊ नये म्हणून मुलांचे तपशील थोडे बदलले आहेत.

वर्गात निम्म्याहून जास्त मुलं घरी मराठी बोलणारी, बाकीची कन्नड. पुस्तक इंग्रजीत, परीक्षेतलं उत्तर इंग्रजीत, आणि समजावून घेणं मात्र मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, तेही बहुतेक तास संपल्यावर पायरीवर बसून. मुलं खेळणारी आहेत. खानापूरकडचा एक खो-खोवाला, निपाणीची एक व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी, तालमीत वाढलेला एक पैलवान, दोन-तीन लांब उडीवाले. उडी म्हणजे काय हे त्यांना अंगानं माहीत आहे. त्यामुळे स्ट्रेच-शॉर्टनिंग सायकल, म्हणजे एसएससी, हा धडा सोपा जाईल अशी माझी दरवर्षीची समजूत.

धडा थोडक्यात असा. स्नायू आधी लांबतो आणि लगेच आखडतो, तेव्हा नुसत्या आखडण्यापेक्षा जास्त काम करतो. खाली वाकून थांबायचं आणि तिथून उडी मारायची, ही स्क्वॉट जंप. उभं राहून झटकन खाली वाकायचं आणि न थांबता तसंच वर जायचं, ही काउंटरमूव्हमेंट जंप. दुसरी उडी उंच जाते. का, या प्रश्नावर मी बरीच वर्षं खिशातून रबर काढायचो, ताणायचो आणि सोडायचो. "स्नायू आणि त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा रबरासारख्या ताणल्या जातात, ऊर्जा साठते, सोडल्यावर परत मिळते." मुलं मान डोलवायची, परीक्षेत हेच लिहायची, गुणही मिळायचे.

अडचण

गडबड एका प्रात्यक्षिकात उघडी पडली. पावसाळ्यात मैदान चिखलाचं होतं, म्हणून मुलांना हॉलमधल्या शहाबादी फरशीवर उड्या मारायला लावल्या. मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या आणि हवेतल्या वेळेवरून उंची काढायची. सूत्र सोपं आहे:

```
h = g × t² ÷ 8
```

यात t म्हणजे हवेतला एकूण वेळ सेकंदात, g म्हणजे 9.81, आणि h येते मीटरमध्ये.

दोन्ही उड्यांची उंची जवळजवळ सारखीच आली. काहींची तर स्क्वॉट जंपच उंच निघाली. खो-खोवाला म्हणाला, "सर, रबर चालेना की."

आकड्यांचं कोडं फार वेळ टिकलं नाही, त्याच्याकडे पुढे येतो. खरी अडचण दुसरीच होती, आणि ती मी सहज विचारलेल्या एका प्रश्नातून बाहेर आली. काउंटरमूव्हमेंट उडीत शरीर सगळ्यात खाली पोचतं त्या क्षणी पाय जमिनीवर किती जोर लावत असतात? २२ पैकी १७ जणांनी वहीत लिहिलं, "वजनाइतकाच, कारण तिथे वेग शून्य असतो."

हे चूक आहे, आणि या चुकीत सगळा धडाच अडकलेला आहे. वेग शून्य असला म्हणजे जोर वजनाइतका असतो असं नाही. वर फेकलेला चेंडू शिखरावर क्षणभर शून्य वेगाचा असतो, तरी गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतच असतं. तसंच इथे उलट बाजूनं. खाली येणारं शरीर आधी थांबवायचं आणि मग वर उचलायचं, म्हणजे अगदी तळाशी शरीराला वरच्या दिशेनं भरपूर त्वरण असतं. तेव्हा जमिनीवरचा जोर वजनापेक्षा बराच जास्त असतो, दुपटीच्या आसपासही जातो. स्क्वॉट जंपमध्ये तळाशी माणूस खरोखर थांबलेला असतो, म्हणून तिथला जोर बरोबर वजनाइतका. बाहेरून दोन्ही उड्यांचा तळ सारखाच दिसतो, गुडघ्याचा कोनही तोच, पण एकीत पाय नुसते शरीर तोलून धरलेले असतात आणि दुसरीत अगोदरच पूर्ण भरात असतात.

मुलांना हे का दिसत नव्हतं, हे मला व्हॉलीबॉलवाल्या मुलीच्या वहीत सापडलं. तिनं लिहिलं होतं, "खाली स्नायूला ताण जास्त, म्हणून ऊर्जा जास्त." मी विचारलं, ताण म्हणजे काय? ती म्हणाली, "ताण म्हणजे ताणलेलं, सर. लांब झालेलं." शेजारचा पैलवान म्हणाला, "ताण म्हणजे जोर गा. दंडाला ताण येतो म्हणतोय न्हवं का आपण?"

दोघंही बरोबर. मराठीत ताण हा शब्द लांबण्यालाही आहे आणि ओढ किंवा जोर यालाही. रबर ताणतो तेव्हा दोन्ही एकदमच होतं, म्हणून रबराच्या बाबतीत हा घोळ कधी लक्षात येत नाही. स्नायूचं तसं नाही. स्नायू लांबीला तेवढाच राहून प्रचंड जोर लावू शकतो, आणि सैल असताना लांब होऊनही जोर शून्य असू शकतो. मी वर्षानुवर्षं "ताण-आकुंचन चक्र" असं फळ्यावर लिहीत होतो आणि त्या एका शब्दात दोन वेगळी कारणं एकमेकांत मिसळून जात होती.

ती दोन कारणं अशी. पहिलं रबराचं: कंडरा लांबते, ऊर्जा साठवते आणि परत देते. दुसरं वेळेचं. मेंदूचा हुकूम पोचल्यावर स्नायूचा जोर लगेच पूर्ण चढत नाही, त्याला सेकंदाचा काही दशांश वेळ लागतो. उडीत वर ढकलण्याचा वेळही साधारण तेवढाच, ०.३ सेकंदाच्या आसपास. स्क्वॉट जंपमध्ये जोर चढेपर्यंत शरीर वर सरकायला लागलेलं असतं, त्यामुळे ढकलण्याच्या अंतराचा पहिला भाग कमी जोरात वाया जातो. खाली वाकून उडी मारताना हा जोर खाली येणारं शरीर अडवतानाच चढून बसलेला असतो आणि वरचा प्रवास भरलेल्या जोरानं सुरू होतो.

१९९६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या बॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला, खऱ्या उड्या मोजून आणि संगणकावरचं स्नायूंचं प्रारूप वापरून. त्यांचा निष्कर्ष दुसऱ्या कारणाच्या बाजूचा होता. काउंटरमूव्हमेंट उडीतला जास्तीचा फायदा मुख्यतः जोर आधीच चढलेला असण्याचा आहे, साठवलेल्या ऊर्जेचा नव्हे. हा निष्कर्ष मी वाचलेला होता. तरी वर्गात रबरच काढत होतो, कारण रबर खिशात मावतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे काहीच न बदलणं. परीक्षेत या प्रश्नाला ठरलेलं उत्तर लागतं: साठवलेली ऊर्जा आणि स्ट्रेच रिफ्लेक्स, म्हणजे एकदम लांबवलेला स्नायू आपोआप जोर लावतो ती प्रतिक्रिया. मुलांना गुण हवेत, बऱ्याच जणांना लगेच नोकरीचे अर्ज भरायचे असतात. हा पर्याय मी हसण्यावारी नेला नाही. एक सहकारी म्हणाले, "त्यांना पीएच.डी. करायचीय का? तीन ओळी लिहू दे की." त्यात तथ्य होतं.

दुसरा पर्याय रबर पूर्ण टाकून देण्याचा. तो मी नाकारला, कारण सगळ्या उड्या एका जातीच्या नाहीत. गुडघे फारसे न वाकवता, चवड्यांवर, जमिनीला जेमतेम स्पर्श करत मारलेल्या उड्या, म्हणजे दोरीवरच्या उड्यांसारख्या, यांत पोटरीचा स्नायू जवळजवळ त्याच लांबीला राहून धरून ठेवतो आणि लांबणं-आखडणं बरंचसं टाचेवरच्या अ‍ॅकिलीस कंडरेत होतं. अल्ट्रासाउंडनं स्नायूतले तंतू पाहिले तेव्हा हे दिसलं आहे. तिथे रबराचं उदाहरण खरंच लागू पडतं. एसएससीचे जलद आणि संथ असे दोन प्रकार धरतात आणि सीमारेषा जमिनीवरच्या २५० मिलिसेकंदांपाशी ओढतात, त्यामागे हेच आहे. रेषा सोयीची आहे, २४९ आणि २५१ मध्ये निसर्ग काही बदलत नाही.

तिसरा पर्याय: थांबा घेऊन उडी. खाली वाकायचं, तीन सेकंद थांबायचं, मग उडी. फायदा नाहीसा होतो. पुस्तकांत हा प्रयोग "ऊर्जा साठते आणि थांबल्यावर उष्णता होऊन जाते" याचा पुरावा म्हणून येतो, आणि मीही तसाच वापरायचो. पण नीट पाहिलं तर तीन सेकंद थांबल्यावर साठलेली ऊर्जा जाते, तसा चढलेला जोरही उतरून वजनाइतका होतो. दोन्ही कारणं एकच भाकीत करतात. ज्या प्रयोगात दोन्ही कारणं पास होतात त्यातून कुठलं खरं हे कळत नाही. हे लक्षात आल्यावर मला माझीच थोडी लाज वाटली.

चौथा पर्याय ड्रॉप जंपचा, बाकावरून खाली उडी मारून लगेच वर. हॉलची फरशी कडक, वर्गातली निम्मी मुलं अशा उडीला सरावलेली नाहीत आणि एकाचा गुडघा आधीच दुखत होता. तो सोडला.

पाचवा म्हणजे जोर आधी चढू द्यायचा पण स्नायू लांबू द्यायचा नाही. दोघांनी खांदे दाबून धरायचे, तिसऱ्यानं खालून पूर्ण जोर लावायचा आणि एकदम सोडायचं. कल्पना मला आवडली. एकदा करून पाहिलं तेव्हा दोघांनी एकाच क्षणी सोडलं नाही, मुलगा तिरका उडाला आणि भिंतीला हात टेकून सावरला. तिथेच थांबवलं.

काय केलं

आधी मोजमाप दुरुस्त केलं. पहिल्या दिवशी मोबाइल साध्या व्हिडिओवर होता, सेकंदाला ३० फ्रेम. त्यात एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद, आणि मुलांच्या उड्यांच्या उंचीला एका फ्रेमची चूक म्हणजे जवळजवळ ४ सेंटीमीटर. ज्या फायद्याच्या मागे आम्ही लागलो होतो तो सगळा एका फ्रेममध्ये मावत होता. मग स्लो मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेमवर गेलो, तेव्हा एका फ्रेमची चूक अर्ध्या सेंटीमीटरवर आली. मोबाइल खरोखर २४० घेतो की कमी घेऊन मधल्या फ्रेम स्वतः भरतो, हेही पाहावं लागतं. आम्ही एक मीटरवरून चेंडू सोडला. तो ०.४५ सेकंदात पडतो, म्हणजे १०८ फ्रेम यायला हव्यात. दोन फोन पास झाले, एकाच्या फ्रेम जोडीजोडीनं सारख्या दिसत होत्या, तो बाजूला ठेवला.

दुसरी दुरुस्ती उडीची. स्क्वॉट जंप कुणालाच नैसर्गिक नसते. "थांब, आता उडी" म्हटलं की शरीर चोरून दोन-तीन सेंटीमीटर खाली जातं आणि मग वर येतं. डोळ्यांना दिसत नाही, स्लो मोशनमध्ये कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं तर लगेच दिसतं. म्हणून प्रत्येकाच्या कमरेला पांढरी चिकटपट्टी लावली, आणि पट्टी खाली सरकली की ती उडी बाद. पहिल्या फेरीत निम्म्या उड्या बाद झाल्या. हात कमरेवरच ठेवायचे, आणि पाय सरळ ठेवून चवड्यांवर उतरायचं, कारण गुडघे दुमडून उतरलं की हवेतला वेळ फुकट वाढतो आणि उंची फुगते.

व्हॉलीबॉलवाल्या मुलीचे आकडे फळ्यावर घेतले. वजन ६० किलो. स्क्वॉट जंप १०७ फ्रेम, म्हणजे २४.४ सेंटीमीटर. काउंटरमूव्हमेंट ११५ फ्रेम, २८.२ सेंटीमीटर. तीन सेकंद थांबून मारलेली उडी १०८ फ्रेम, २४.८ सेंटीमीटर, म्हणजे स्क्वॉट जंपच्याच रांगेत.

मग वळण आलं ते वजनकाट्यानं. घरचा जुना काट्याचा वजनकाटा मी पिशवीतून आणला होता, आत स्प्रिंग असलेला, वर गोल तबकडी. त्यावर उडी मारायची नाही. नुसतं झटकन खाली वाकायचं आणि तळाशी थांबायचं. बाकीच्यांनी भोवती गोल करून काट्याकडे बघायचं.

मुलगी वर चढली, काटा हलून ६० वर स्थिरावला. आधी तिला हळू, दहा मोजत खाली जायला सांगितलं. काटा जागचा फारसा हलला नाही. मग म्हटलं, आता झटकन. काटा आधी ४० च्या खाली घसरला आणि ती तळाशी पोचते न पोचते तोच सपकन ९० पलीकडे गेला.

"व्हय गा, वर गेला," कुणीतरी मागून म्हणालं.

कन्नड बोलणाऱ्या एका मुलानं लगेच शंका काढली: काटा तर कुणी वर चढलं तरी डुलतो, त्यावर विश्वास कसा ठेवायचा? शंका रास्त होती. काट्याला स्वतःचं डुलणं असतं आणि तो थोडा उशिरानंही हलतो, म्हणून ९० हा आकडा लिहून घेऊ नका, असं मीच सांगितलं. दिशा मात्र घ्या. हळू वाकताना काटा जागेवर राहिला, म्हणजे नुसत्या वाकण्यानं तो डुलत नाही. झटकन वाकताना आधी खाली आणि मग वर, हा क्रम प्रत्येक वेळी तोच आला. खाली जाण्यासाठी माणूस पाय सैल सोडतो, तेव्हा जमिनीवरचा भार वजनाहून कमी होतो. शरीर अडवायला लागतो, तेव्हा जास्त होतो.

आता फळ्यावर गणित. तळापासून पाय सुटेपर्यंत तिचं शरीर सुमारे ३५ सेंटीमीटर वर जात होतं, चिकटपट्टीवरून मोजलेलं. वजन ५८९ न्यूटन. हवेत २४.४ सेंटीमीटर जाण्यासाठी त्या ३५ सेंटीमीटरांत पायांनी वजनाच्या वर सरासरी किती जोर लावला? ५८९ गुणिले २४.४ भागिले ३५, म्हणजे सुमारे ४१० न्यूटन. काउंटरमूव्हमेंटमध्ये तेच करून ४७४. अंतर तेच, पाय तेच, सरासरी जोर ६४ न्यूटननं जास्त. हा जास्तीचा जोर कुठून आला? फळ्यावर आडवं अंतर आणि उभा जोर घेऊन दोन रेषा काढल्या. स्क्वॉट जंपची रेषा डावीकडे शून्यापासून निघते आणि चढत जाते, कारण तिथे वजनाच्या वर काहीच नसतं. काउंटरमूव्हमेंटची रेषा डावीकडेच उंचावर सुरू होते. शेवटी दोन्ही जवळजवळ एकत्र येतात. दोन रेषांच्या मधलं जे क्षेत्र आहे, तेवढं जास्तीचं काम, आणि ते सगळं डावीकडे, सुरुवातीलाच आहे.

इथे मला उदाहरण हवं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. ते पैलवानानं दिलं. "सर, कॅरमची टिचकी."

स्ट्रायकर मारताना बोट नुसतं उघडलं तर स्ट्रायकर जेमतेम सरकतो. अंगठ्याच्या मागे बोट अडकवून जोर लावला आणि मग निसटू दिलं तर तो समोरच्या पट्टीवर आपटून परत येतो. अंगठा बोटाला आधी जोर चढवू देतो. खाली येणारं शरीर हाच काउंटरमूव्हमेंटमधला अंगठा. सगळ्या वर्गानं बाकावर टिचक्या मारून पाहिल्या, पाच मिनिटं दुसरं काही ऐकू येईना. मी एवढीच पुस्ती जोडली की टिचकीत बोटाची कंडराही थोडी ताणली जाते, म्हणजे हे उदाहरण शंभर टक्के शुद्ध नाही. पण स्नायू आधी लांबवलेला नसतानाही फायदा मिळतो, हे त्यात दिसतं, आणि रबराच्या उदाहरणाला नेमकं तेच दाखवता येत नव्हतं.

त्या दिवसापासून वर्गात "ताण" शब्द बंद. लांबी बदलली तर "लांबला" किंवा "आखडला", ओढ बदलली तर "जोर चढला" किंवा "उतरला". "आकुंचन" सुद्धा बंद, कारण पोटरीचा स्नायू आखडत नसतानाही काम करत असतो आणि आकुंचन म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर आखडणंच येतं. चुकून म्हणणाऱ्याला बाकीचे टोकायचे. सगळ्यात जास्त वेळा मीच टोकला गेलो.

पुढच्या तासाला चवड्यांवरच्या उड्या. गुडघे कडक, सलग दहा, मधल्या पाच मोजायच्या. खो-खोवाल्याचे पाय जमिनीवर ४५ फ्रेम, म्हणजे ०.१९ सेकंद, आणि हवेत ९६ फ्रेम, ०.४ सेकंद. उंची जवळजवळ २० सेंटीमीटर. मग त्यालाच सांगितलं, गुडघे तसेच कडक ठेवून, उभ्या जागेवरून नुसत्या पोटरीच्या जोरावर एकच उडी मार. ती ७ सेंटीमीटरांच्या पुढे जाईना. मुलीच्या दोन उड्यांमध्ये फरक साधारण १५ टक्क्यांचा होता, इथे जवळजवळ तिपटीचा. प्रत्येक उडीतून खाली पडताना मिळालेली ऊर्जा पुढच्या उडीला बरीचशी परत मिळते आणि ती ठेवणारी जागा मुख्यतः कंडरा आहे. पाय टेकल्यावर सुमारे ४०-५० मिलिसेकंदांत पोटरीत येणारा स्ट्रेच रिफ्लेक्सही इथे वेळेत पोचतो आणि पोटरी कडक ठेवायला मदत करतो. इथे मी खिशातलं रबर पुन्हा काढलं.

काय झालं

सहामाहीच्या तोंडी परीक्षेत तळाच्या जोराचा तोच प्रश्न पुन्हा विचारला. १७ पैकी १३ जणांनी उत्तर बदललं, आणि बहुतेकांनी कारण सांगताना काट्याचा उल्लेख केला. उरलेल्या चौघांना गणित कळलं होतं, पण वेग शून्य म्हणजे जोर वजनाइतका हे डोक्यातून जात नव्हतं.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मी ठरवलेली नव्हती. पैलवानाची काउंटरमूव्हमेंट वर्गात सर्वांत उंचांपैकी होती, पण चवड्यांवरच्या उड्यांत त्याचे पाय जमिनीवर ७२ फ्रेम, ०.३ सेकंद रेंगाळायचे. खो-खोवाल्याचं उलटं. एसएससी चांगली की वाईट, असा एकच शेरा देता येत नाही हे दोघांच्या आकड्यांवरून वर्गाला आपोआप कळलं. पैलवान रोज शेकड्यांनी बैठका मारतो, तळाशी झोका घेऊन. त्याची तयारी संथ प्रकारची आहे, आणि कुस्तीला ती पुरते. त्याला दोरीच्या उड्या वाढवायच्या का, हे त्याचं आणि वस्तादांचं काम, मी सुचवलं नाही.

नुकसानही झालं. तीन-चार मुलांनी "रबर खोटं" एवढंच घरी नेलं. एकानं लेखी परीक्षेत साठवलेल्या ऊर्जेचा उल्लेखच केला नाही, फक्त जोर आधी चढण्याबद्दल लिहिलं आणि त्याचे गुण कापले गेले. तो चिडून आला नाही, पण उत्तरपत्रिकेची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवून गेला. परीक्षेत आधी ठरलेलं उत्तर लिहा आणि त्याखाली दोन ओळींत जास्तीचं कारण, असं मी सगळ्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. ते सांगितलं, पण नंतर.

पुन्हा केलं तर

काटा पहिल्या दिवशी आणेन, उड्यांच्या आधी आणि रबराच्या तर फारच आधी. जोर आणि लांबी वेगळी झाल्याशिवाय "साठते" हा शब्दच उच्चारणार नाही. चवड्यांवरच्या उड्या आणि काउंटरमूव्हमेंट एकाच तासाला घेईन, कारण दोन तासांच्या मधल्या आठवड्यातच "रबर खोटं" हे पक्कं झालं.

खांदे दाबून सोडण्याचा प्रयोग माणसांनी करणार नाही. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर जमिनीतल्या कडीला आणि मध्ये एकदम सुटणारी कळ, असं काही आमच्या कार्यशाळेतल्या माणसाकडून बनवून घेता येईल का हे विचारतो आहे. त्याचं म्हणणं आहे की कळ होईल, पण दोर सुटताना कुणाच्या पायावर बसेल ते आधी ठरवा.

थांबा घेऊन मारायची उडी ठेवेन, पण पुरावा म्हणून नाही. आधी विचारेन: दोन्ही कारणांवरून या उडीत काय व्हायला हवं ते लिहा. दोन्ही उत्तरं सारखीच आली की मगच उडी मारायला लावेन.

काट्याबद्दल घरी अजून बोलणी खातो. २२ जण झटकन वाकून गेल्यावर त्यातली स्प्रिंग बसली. आता कुणी वर नसताना काटा दीड किलोवर थांबतो.